मी सोमवारी येतोय, पण कुठे?

जुन्या कंपनीचं आयकार्ड जमा झालंय आणि नव्या कंपनीचं अजून मिळायचंय, अशा आठवड्यात माणसाला नेमकं काय म्हणायचं हे कुठल्याच खात्याला ठरवता आलेलं नाही. जुन्या कंपनीच्या लेखी तो ‘एक्स-एम्प्लॉयी’, नव्या कंपनीच्या लेखी नुसता ‘कँडिडेट’. घरच्यांच्या लेखी मात्र तो आठवडाभर रिकामा असलेला धडधाकट मुलगा असतो. त्यामुळे माळ्यावरची भांडी काढणं, बंद पडलेला मिक्सर दुरुस्तीला नेणं आणि आत्याला पहाटे स्टेशनवरून आणणं ही सगळी खाती एकदम त्याच्याकडे सोपवली जातात.

माझा भाचा नुकताच या अवस्थेतून गेला. हिंजवडीतल्या एका कंपनीतून हिंजवडीतल्याच दुसऱ्या कंपनीत तो चालला होता. एवढ्याशा प्रवासासाठी त्याने नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड काढला. शुक्रवारी केक कापून झाला, लॅपटॉप जमा झाला आणि पुढचा अख्खा आठवडा सोडून त्यानंतरच्या सोमवारी नव्या ठिकाणी रुजू व्हायचं ठरलं होतं. मधल्या आठवड्यात त्याला एक साधी इच्छा झाली: आपलं ऑफर लेटर एकदा नीट वाचून काढावं. तेव्हा लक्षात आलं की ऑफर लेटर त्याच्याकडे नाहीच.

म्हणजे एक होतं, पण ते बाद झालेलं. पहिलं पत्र आल्यावर पगारावरून थोडी घासाघीस झाली, जुन्या कंपनीने सोडायला उशीर केला, म्हणून रुजू होण्याची तारीख दोन आठवडे पुढे गेली आणि कंपनीने सुधारित पत्र काढलं. ते सुधारित पत्र पोर्टलवर आलं, पोर्टलवरच वाचायचं, पोर्टलवरच सही करायची. सही केल्याबरोबर ‘आपली स्वाक्षरी केलेली प्रत लवकरच पाठवण्यात येईल’ असा निरोप आला आणि दार बंद झालं. आता लिंकवर बोट ठेवलं की ‘This link has expired’ एवढंच दिसतं. प्रत ‘लवकरच’ येणार होती. ती अजून लवकरच येणार होती.

हाताशी असलेल्या जुन्या पत्रात मात्र सगळं ठणठणीत लिहिलेलं. त्यात एक कलम असं होतं की अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास हा प्रस्ताव आपोआप रद्द समजावा. ती अमुक तारीख उलटून आठवडा झाला होता. म्हणजे घरात असलेल्या एकमेव कागदानुसार मुलाची नवी नोकरी सुरू होण्याआधीच गेलेली होती. दुसरं कलम आणखी गोड: रुजू होताना या पत्राची सही केलेली प्रत सोबत आणावी, बाकीच्या सूचना स्वतंत्रपणे कळवण्यात येतील. त्या सूचनाही आल्या नव्हत्या. किती वाजता, कुठल्या इमारतीत, कोणाला भेटायचं, काय काय न्यायचं, कशाचाच पत्ता नाही. पत्ता या शब्दाचं तर विचारूच नका. लेटरहेडवर मुंबईचा पत्ता होता, कारण कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिथे. मजकुरात ‘लोकेशन : पुणे’ एवढंच. पुणे केवढं झालंय, हे पत्र लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

“मग माग की त्यांच्याकडे,” मी म्हटलं.

“मामा, असं डायरेक्ट मागता येत नाही.”

“का? त्यांचंच पत्र आहे, तुझ्याच नावाचं आहे.”

“त्यांना वाटेल, याला साधं लेटर सांभाळता येत नाही. किंवा वाटेल, याला आपल्यावर विश्वास नाही. जॉइन व्हायच्या आधीच इम्प्रेशन डाऊन.”

पाच वर्षं जगभरातल्या क्लायंटना धारेवर धरणारा हा मुलगा, एक पीडीएफ मागायला इतका लाजत होता की त्याने मिक्सर दुरुस्तीला न्यायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

दुसऱ्या बाजूला काय शिजत असतं ते मला आमच्याच मजल्यावरच्या वहिनींकडून कळलं. त्या एका वेगळ्या कंपनीत एचआरमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, माणसं भरून आणणारा विभाग एक आणि माणसाला आत घेऊन कागदपत्रं करणारा विभाग दुसरा. पहिला विभाग तुम्ही हो म्हणेपर्यंत तुमचा. दुसरा विभाग तुम्ही रुजू झाल्या दिवसापासून तुमचा. मधल्या काळात तुमची फाईल या टेबलावरून उचललेली असते आणि त्या टेबलावर पोचलेली नसते. त्यामुळे सूचना पाठवायच्या कोणी, याबद्दल दोन्हीकडे पूर्ण एकमत असतं: दुसऱ्याने.

“पण खरी भीती वेगळीच,” वहिनी म्हणाल्या. “नव्वद दिवसांच्या नोटिसीत मुलं स्वस्थ बसत नाहीत हो. एक लेटर हातात आलं की ते दाखवून दुसरीकडे जास्त मागतात. ते दाखवून तिसरीकडे. सोमवारी आम्ही लॅपटॉप तयार ठेवून बसतो आणि साहेबांचा फोन बंद. म्हणून तर रिक्रूटर दर आठवड्याला फोन करून विचारतात ना, येताय ना, म्हणून. आता सांगा, रुजू व्हायला आठवडा असताना कोणी लाजत लाजत ऑफर लेटरची कॉपी मागितली, तर आमच्या पोटात काय होईल?”

तेव्हा मला या सगळ्या प्रकारातली गंमत कळली. मुलाला भीती, की पत्र मागितलं तर कंपनी आपल्याला नको म्हणेल. कंपनीला भीती, की पत्र मागतोय म्हणजे हा आपल्याला नको म्हणणार. दोघंही एकमेकांना घाबरून अत्यंत नम्रपणे बोलत असतात, आणि नम्रपणे बोलल्यामुळे दोघांचाही संशय वाढत असतो.

भाच्याने शेवटी मेल लिहिला तो या नम्रपणाचा कळस होता. आपण कुशल असाल अशी आशा. हा मेल आपल्याला उत्तम प्रकृतीत भेटो अशी आणखी एक आशा. आपल्या कंपनीचा भाग होण्याबद्दल आपण किती उत्सुक आहोत याचा एक परिच्छेद. मग आपण कामात असाल याची जाणीव, त्रास दिल्याबद्दल क्षमा, आणि सगळ्यात खाली, सही करायच्या जरा वर, काही अडचण नसल्यास आणि शक्य झाल्यास ऑफर लेटरची प्रत मिळू शकेल का, एवढं अर्धं वाक्य. रुजू होण्याच्या सूचनांचा उल्लेख करायची त्याची हिंमत झाली नाही. एकदम दोन गोष्टी मागणं बरं दिसत नाही म्हणाला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘Small request’.

तीन आठवडे गप्प असलेल्या रिक्रूटर मुलीचा फोन दहाव्या मिनिटाला आला. मी शेजारीच बसलो होतो. “सर, एव्हरीथिंग ओके ना? यू आर जॉइनिंग ना? एनी कन्सर्न? एनी अदर ऑफर?” भाचा उभा राहून बोलायला लागला. नाही नाही, काही नाही, सहज, फक्त रेकॉर्डसाठी. ‘फक्त रेकॉर्डसाठी’ हे शब्द ऐकून तिकडे शांतता पसरली. कारण ज्याला दुसरीकडे दाखवायचं असतं तोही बरोबर हेच म्हणतो. शेवटी ती म्हणाली, मी ऑनबोर्डिंग टीमला लूपमध्ये घेते.

लूपमध्ये घेणं हा एचआरमधला एक विधी आहे. त्यात मूळ मेल आहे तसा तिसऱ्या माणसाकडे ढकलतात, वर ‘कृपया पाहावे’ असं लिहितात आणि हात धुतात. ऑनबोर्डिंगच्या सामाईक पत्त्यावरून लगेच स्वयंचलित उत्तर आलं, त्यात तिकिटाचा नंबर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक उत्तर आलं: तिकीट बंद करण्यात आलं आहे, कारण ‘Insufficient details’. भाच्याने कुशल विचारलं होतं, क्षमा मागितली होती, उत्सुकता कळवली होती. फक्त आपला कँडिडेट आयडी, रुजू व्हायची तारीख आणि कोणतं पत्र हवंय ते सांगितलं नव्हतं. त्या पत्त्यावर रोज किती माणसं कुशल असण्याची आशा व्यक्त करत असतील कोणास ठाऊक. त्यातला हा कोण, हे त्यांना कसं कळणार?

मंगळवारी संध्याकाळी मंडळ बसलं. ताई म्हणाली, सरळ जाऊन भेट. भाचा म्हणाला, कुठे जाऊ, तेच तर विचारतोय. तेवढ्यात आमचे भावजी, जे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि ज्यांना या घरात कोणी मसुदा विचारत नाही याचं कायम शल्य आहे, त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“विषय काय लिहिलास?” भावजी.

“स्मॉल रिक्वेस्ट.”

“हा विषय आहे? उद्या धरणाची भिंत फुटली तर विषय ‘लहानशी अडचण’ लिहिणार का? संदर्भ?”

“संदर्भ काय?”

“त्यांचं पत्र कितव्या तारखेचं, त्यावर नंबर काय? संदर्भाशिवाय कागद पुढे सरकत नाही. सरकला तर परत येतो.”

कागद परत आलेलाच होता, त्यामुळे कोणाला काही बोलता आलं नाही. भावजींनी मागच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मसुदा लिहायला घेतला. विषय : सुधारित ऑफर लेटरची प्रत व रुजू होण्याच्या सूचना मिळणेबाबत. त्यापुढे मुलाचं नाव, कँडिडेट आयडी, रुजू व्हायची तारीख. संदर्भ : आपले दिनांक अमुकचे सुधारित पत्र. मग मुद्दा एक : मी ठरल्याप्रमाणे येत्या सोमवारी रुजू होत आहे. मुद्दा दोन : सुधारित पत्रावर पोर्टलमधून सही केली असून त्याची दोन्ही बाजूंच्या सह्यांची, परिशिष्टासह पूर्ण प्रत मला मिळालेली नाही, व पोर्टलची लिंक बंद आहे, माझ्याकडे असलेल्या पहिल्या पत्रात जुनी तारीख व जुना पगार आहे. मुद्दा तीन : पहिल्या दिवशी कुठे, किती वाजता, कोणाला भेटायचं आणि कोणती कागदपत्रं आणायची ते कळवावं. मुद्दा चार : छपाई व झेरॉक्स करायची असल्याने गुरुवारपर्यंत मिळाल्यास सोयीचं होईल.

शेवटी त्यांनी ‘प्रत माहितीस्तव सादर : रिक्रूटर मॅडम’ असं लिहिलं. भाचा म्हणाला, “बाबा, हे सीसी झालं.” भावजी म्हणाले, “तुमच्या सीसीच्या आधीपासून आम्ही हे करतोय.”

वहिनींनी त्याचं इंग्रजी करून दिलं. ‘सविनय सादर’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ एवढं काढून टाकलं, बाकी एका मुद्द्याला हात लावला नाही. मुद्दा क्रमांक एकवर तर त्या खूश झाल्या. “हे पहिलं वाक्य बघा. ‘मी सोमवारी येतोय.’ हे वाचलं की आमच्या निम्म्या शंका गेल्या. पुढे काय मागाल ते देतो आम्ही. लोक नेमकं हेच शेवटी लिहितात, नाहीतर लिहीतच नाहीत.”

मेल बुधवारी सकाळी गेला. संध्याकाळच्या आत दोन्ही कागद आले. त्यात ना चौकशी, ना संशय. ‘कृपया सोबत जोडलेले पाहावे’, बस. ज्या खात्याच्या पत्रव्यवहारावर आपण आयुष्यभर विनोद केले, त्याच्या नमुन्याने खासगी कंपनीचं तिकीट उघडलं, हे मला थोडं जड गेलं. भावजींनी मात्र त्या दिवशी दोनदा चहा मागून घेतला.

कागद आले, पण उघडेनात. पीडीएफला पासवर्ड होता: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचा दिवस-महिना. भाचा स्वतःचं नाव टाकतोय, पासवर्ड चुकीचा. जन्मतारीख उलटी करून बघितली, तरी चुकीचा. ताईने विचारलं, जन्मतारीख शाळेतली की खरी? आमच्या पिढीत हा प्रश्न योग्य होता, कारण शाळेत नाव घालून घेणाऱ्या गुरुजींनी निम्म्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घातलं होतं. पण भाच्याच्या पिढीला खरी जन्मतारीख असते. शेवटी वहिनींनीच विचारलं, “पोर्टलवर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरायला सांगितलं होतं का?”

सांगितलं होतं, आणि तिथेच घोळ होता. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. कोणीतरी ते डावीकडून उजवीकडे जसंच्या तसं उतरवलं, त्यामुळे कंपनीच्या दप्तरी मुलाचं पहिलं नाव त्याचं आडनाव झालं होतं आणि आडनाव म्हणून भावजींचं नाव लागलं होतं. आडनावाची चार अक्षरं टाकल्याबरोबर पत्र उघडलं. मायना होता, ‘डिअर’ आणि पुढे आडनाव. आम्ही हसलो, वहिनी हसल्या नाहीत. पत्रातलं नाव तसंच पुढे कर्मचाऱ्याच्या नोंदीत जातं, नोंदीतून पीएफकडे जातं, आणि तिथे आधारवरच्या नावाशी जुळलं नाही की पुढे पैसे हलवताना किंवा काढताना अर्ज अडकतो. नोंद तयार व्हायच्या आधी चार ओळींच्या मेलवर दुरुस्त होतं. नंतर त्यासाठी जोडपत्रं लागतात. पत्र वेळेत मागितल्याचा हा पहिला फायदा. भावजींनी लगेच नवा विषय आणि नवा संदर्भ लिहायला घेतला.

दुसरा फायदा झेरॉक्सच्या दुकानात झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे परिसरातली सगळी ऑफर लेटरं येतात, त्यामुळे पगार या विषयावर त्याच्याइतका जाणकार माणूस वॉर्डात नाही. भाच्याने फाईल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली.

“पासवर्ड सांगा,” तो ओरडला. मागे पाचसहा माणसं उभी होती. भाच्याने स्वतःचं आडनाव आणि जन्मतारीख त्यांच्या साक्षीने जाहीर केली.

“रिवाइज्डच आहे ना? जुनं नको छापायला. अ‍ॅनेक्शरसकट हवंय ना? परवा एक पोरगा नुसतं पहिलं पान घेऊन गेला, कंपनीतून परत पाठवला त्याला. सगळी पानं काढतो, प्रत्येक पानावर सही मारा खाली.” मग स्क्रीनकडे बघत त्याच आवाजात, “बारा लाख. बरंय.”

रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली. ताईने नातेवाइकांत आधीच सांगून ठेवलं होतं, मुलाला महिना लाख. बारा लाख भागिले बारा, यात चूक कुठे आहे? पण झेरॉक्सवाला परिशिष्टावर बोट ठेवून म्हणाला, “यात कंपनीचा पीएफ धरलाय, बहात्तर हजार. ग्रॅच्युइटी धरलीय, ती आज मिळत नाही, पाच वर्षं टिकलात तर. आणि हे बघा, व्हेरिएबल एक लाख वीस हजार. हे त्यांच्या मनावर.”

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. मूळ वेतन वर्षाला ६ लाख. कंपनीचा पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे ७२,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०. व्हेरिएबल १,२०,०००. बारा लाखांतून हे तिन्ही गेले की राहतात ९,७९,१४०, म्हणजे महिन्याला साधारण ८१,६००. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात पंचाहत्तर हजारांच्या थोडं वर. ‘महिना लाख’ नातेवाइकांत फिरत राहिले, पंचाहत्तर हजार घरी राहिले.

खरा धक्का पुढेच होता. भाच्याने जुनं पत्र शेजारी ठेवलं. त्यात एकूण आकडा ११,४०,००० होता. फोनवर चांगली अर्धा तास घासाघीस करून त्याने तो बारा लाखांवर नेला होता, आणि त्या विजयाबद्दल आम्हाला मिसळ खाऊ घातली होती. आता दोन्ही परिशिष्टं ओळीला ओळ लावून बघितली, तर मूळ वेतन तेवढंच, भत्ते तेवढेच, पीएफ, ग्रॅच्युइटी तेवढीच. फक्त व्हेरिएबल साठ हजारांचं एक लाख वीस हजार झालेलं. वाढवून मिळालेले सगळेच्या सगळे साठ हजार ‘त्यांच्या मनावर’ या रकान्यात बसले होते. पोर्टलवर सही करताना त्याने खालची बेरीज बघितली होती. बेरीज बरोबरच होती. सही झालेली असल्यामुळे आता काही करता येण्यासारखं नव्हतं. पण निदान पहिल्या पगाराच्या दिवशी चक्कर यायची राहिली नाही. आदल्या आठवड्यात, घरच्या खुर्चीत, पाण्याचा ग्लास शेजारी असताना कळलेलं बरं.

आता रुजू होण्याच्या सूचना. एकच पान, पण एकेक ओळ सोन्यासारखी. वेळ सकाळी नऊ. ठिकाण हिंजवडी फेज ३. मुलाखत झाली होती फेज १ मध्ये. सूचना न मागता भाचा सोमवारी अर्थातच फेज १ मध्ये गेला असता, आणि सकाळी नऊ वाजता फेज १ वरून फेज ३ ला जाणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत; बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवू नये. गेटवर सिक्युरिटीकडे यादी असेल, सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं, यादीतल्या नावाशी ते जुळावं. म्हणजे आडनावाची दुरुस्ती इथेही कामाला आली. स्वतःचा लॅपटॉप आणू नये. दुचाकीला पहिल्या दिवशी आत जागा नाही.

मग कागदपत्रांची यादी. गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रद्द केलेला चेक, मागे पांढरा पडदा असलेले फोटो, सगळ्या मार्कशीट, आणि शेवटी, सहजपणे: आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. जुनी कंपनी म्हणते, सगळा हिशेब मिटल्यावर तीस दिवसांनी रिलीव्हिंग लेटर देऊ. नवी कंपनी म्हणते, सोमवारी आणा. या दोन कंपन्यांमध्ये माणूस एकच, आणि तारखा दोन. ही अडचण सोमवारी सकाळी काउंटरवर कळली असती, तर भाच्याने काय केलं असतं देव जाणे. बुधवारी कळल्यामुळे लेखी विचारता आलं: रिलीव्हिंग लेटर यायला वेळ आहे, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि शेवटच्या दिवसाची पोच चालेल का? उत्तर आलं, चालेल, पंचेचाळीस दिवसांत मूळ पत्र जमा करावं. वहिनी म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी चालतं, पण चालतं असं ज्याने लिहून दिलं त्याचा मेल छापून बरोबर ठेवा. कारण सोमवारी काउंटरवर बसलेला मुलगा वेगळा असतो, त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं, आणि त्याच्याकडे फक्त यादी असते.

भावजींना मात्र सगळी चळत तपासून झाल्यावरही समाधान नव्हतं. “यात नियुक्तीपत्र कुठे आहे?”

“हे काय, ऑफर लेटर.”

“हा प्रस्ताव आहे. ‘आम्ही देऊ इच्छितो’ असं लिहिलंय. ‘नेमण्यात येत आहे’ असं कुठे लिहिलंय?”

आणि गंमत म्हणजे याही वेळी ते बरोबर होते. ऑफर लेटर रुजू होण्याआधी येतं आणि त्याला अटी चिकटलेल्या असतात: कागदपत्रं खरी निघाली तर, आधीच्या नोकरीची पडताळणी नीट झाली तर. नियुक्तीपत्र रुजू झाल्यावर मिळतं आणि नोकरीचा खरा कागद तोच. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांसाठी २०२० साली जी संहिता झाली, तिच्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक केलेलं आहे. तरी बरीच मुलं पहिल्या दिवशी बॅग, बाटली आणि वही मिळाली की त्या आनंदात हा कागद विचारायला विसरतात, आणि दोन वर्षांनी गृहकर्जाच्या वेळी बँकेने मागितला की पुन्हा ‘स्मॉल रिक्वेस्ट’ लिहायला बसतात.

तेव्हा ज्यांची जॉइनिंग जवळ आलीय त्यांना एवढंच सांगणं. पोर्टलवर सही करायच्या आधी पत्र परिशिष्टासकट उतरवून घ्या आणि स्वतःच्या मेलवर ठेवा. ऑफिसच्या मेलवर ठेवलंत तर ते लॅपटॉपबरोबर जमा होईल. सुधारित पत्र आलं तर ते जुन्याशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा. प्रत मागायची वेळ आलीच तर पहिल्या वाक्यात येतोय म्हणून सांगा, दुसऱ्यात नंबर आणि तारीख द्या, तिसऱ्यात काय हवं ते मागा आणि कुशल नंतर विचारा. आणि हे सोमवार-मंगळवारी करा. शुक्रवारी दुपारनंतर एचआर जागेवर असतं, पण तुमच्यासाठी नसतं.

भाचा रुजू झाला, वेळेवर, बरोबर फेजमध्ये, स्वतःच्या नावाने. नियुक्तीपत्र ‘लवकरच’ मिळणार आहे. भावजींचा मसुदा तयार आहे.